शहाऐंशी नोंदी, एक्याऐंशी मुलं: वहीतून अहवालापर्यंत

कुपोषित मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेच्या कार्यकर्तीच्या वहीतलं एक पान, त्यातल्या या काही नोंदी पाहा.

“१४/८. खालचा पाडा. बाळी, दीड वर्ष. दंड ११.२. सूज नाही. आई आवणीला, आजी घरी. आजी म्हणते पोर खात नाही.”
“२८/८. ताप. अंगणवाडीच्या ताईंनी पीएचसीला पाठवलं. वजन नाही, काटा बिघडला.”
“३०/९. ११.६. अंडी चालू. भाऊ पण खातो.”
“१५/११. घर बंद. शेजारीण म्हणाली भिवंडीकडे वीटभट्टीवर.”

सहा महिन्यांनी संस्थेच्या वार्षिक अहवालात याच पानाचं असं वाक्य झालेलं असतं: “आमच्या पोषण उपक्रमामुळे ८६ आदिवासी बालकांच्या आरोग्यात लक्षणीय सुधारणा झाली व मातांमध्ये जागरूकता निर्माण झाली.” पुण्या-मुंबईतल्या कंपनीच्या सीएसआर विभागात हे वाक्य वाचणारा माणूस त्याच आठवड्यात अशीच वीस वाक्यं वाचत असतो. तो ते खोटं मानत नाही, नुसता पुढे जातो. खरं सांगायचं तर वहीतलं पान त्या वाक्यापेक्षा कितीतरी भारी आहे. त्यात तारीख आहे, मोजमाप आहे, ताप आहे, बंद घर आहे. हे सगळं अहवालात कसं टिकवायचं, ते एका उदाहरणावरून पाहू. उदाहरणातला प्रकल्प, मूल आणि आकडे मी दोन-चार ठिकाणचे अनुभव एकत्र करून बेतले आहेत. पद्धत मात्र रोजच्या कामातली आहे.

समजा जव्हार-मोखाडा भागातले दहा पाडे आहेत. ऑगस्टमध्ये सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांचा दंडघेर मोजला आणि १२.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरलेली मुलं उपक्रमात घेतली. ती रंगीत पट्टी अंगणवाडीत पाहिलेली असेलच. ११.५ च्या खाली लाल म्हणजे तीव्र कुपोषण, ज्याला सगळे ‘सॅम’ म्हणतात. ११.५ ते १२.५ पिवळा म्हणजे मध्यम, ‘मॅम’. त्याच्या वर हिरवा. कार्यकर्ती दर पंधरवड्याला घरी जायची, मोजायची, आईशी किंवा आजीशी बोलायची, शेंगदाणा-गुळाचे लाडू द्यायची आणि गरज पडली तर मुलाला पीएचसीत घेऊन जायची. जानेवारीअखेर शेवटची मोजणी झाली. टेबलावर तीन वह्या आहेत आणि देणगीदाराला दोन पानं हवी आहेत.

आधी मुलं मोजा, नोंदी नंतर

वह्या संगणकात उतरवताना पहिल्यांदा प्रत्येक भेटीची एक ओळ करा. त्या ओळीत मुलाचा क्रमांक, तारीख, मोजमाप, घरी कोण होतं, काय बोलणं झालं आणि वही व पान क्रमांक लिहा. शेवटचा रकाना कंटाळवाणा वाटतो, पण पुढे कुणी “हा आकडा कुठून आला?” असं विचारलं की अर्ध्या मिनिटात वही उघडून दाखवता येते. कंपनी कायद्याच्या सीएसआर नियमांत जानेवारी २०२१ मध्ये झालेल्या बदलानुसार मोठ्या सीएसआर खर्चाच्या कंपन्यांना एक कोटी किंवा त्याहून जास्त खर्चाच्या प्रकल्पांचं मूल्यमापन त्रयस्थ संस्थेकडून करून घ्यावं लागतं. ती त्रयस्थ माणसं आली की आधी वह्याच मागतात.

मग त्या ओळींवरून मुलांची यादी बनवा. इथेच पहिला धक्का बसतो. नोंदवहीत ८६ नावं होती, पण पाच मुलं दोनदा आली होती. एक मूल ‘बाळी’ या घरच्या नावाने एकदा आणि अंगणवाडीतल्या नावाने एकदा. दोघं आईच्या माहेरच्या पाड्यावर पाहुणी असताना तिथेही मोजली गेली. उरलेल्या दोघांच्या बाबतीत वही बदलताना नाव पुन्हा लिहिलं गेलं. म्हणजे मुलं ८१. त्यांतली १४ लाल पट्ट्यातली, ६७ पिवळ्यातली.

८६ चे ८१ झाले म्हणून कुणाचा अपमान होत नाही, तरी संस्थेत या पाच मुलांवरून वाद होतोच. मागच्या तिमाही अहवालात ८६ गेलेले असतात ना! तिथे सरळ लिहावं: “आधी कळवलेल्या ८६ नोंदींत पाच मुलं दोनदा धरली गेली होती.” हे वाक्य वाचून पैसे परत मागणारा देणगीदार मी तरी पाहिलेला नाही.

प्रत्येक मुलाचं काय झालं?

अहवालाचा सगळा भार या एका प्रश्नावर आहे. ८१ मुलं आत आली, तर ८१ मुलांचं काहीतरी झालं असणारच. ते शोधून काढायचं आणि बेरीज ८१ भरेपर्यंत उठायचं नाही.

जानेवारीत ५८ मुलं मोजता आली. १८ मुलांची कुटुंबं कामासाठी बाहेर गेली होती, बहुतेक वीटभट्टीवर. चार घरांनी मधेच भेटी थांबवल्या. एक मूल दगावलं. झाले ८१.

मोजलेल्या ५८ पैकी ३७ मुलं १२.५ किंवा त्याच्या वर होती. म्हणजे जवळपास ६४ टक्के. पहिल्या मसुद्यात हाच आकडा ठळक अक्षरांत येतो: “६४ टक्के मुलं कुपोषणातून बाहेर.” आकडा खोटा नाही, पण त्याने २३ मुलं गुपचूप वगळली. ती कोण होती ते पाहिलं की घोटाळा कळतो. लाल पट्ट्यातल्या १४ पैकी ६ मुलं कुटुंबासोबत बाहेर गेली होती, पिवळ्यातल्या ६७ पैकी १२. म्हणजे जी गेली त्यांत जास्त अशक्त मुलांचं प्रमाण मोठं होतं. स्वाभाविकच आहे, ज्या घरात धान्य लवकर संपतं त्याच घराला बिऱ्हाड लवकर हलवावं लागतं. सगळ्यात अवघड मुलं हिशेबातून गेली की उरलेल्यांची टक्केवारी आपोआप चांगली दिसते.

म्हणून भागताना खाली ५८ नाही, ८१ घ्यायचे. आपत्तीकाळातल्या मदतकार्यासाठी जगभर वापरली जाणारी ‘स्फिअर’ मानकंही असंच करतात. कुपोषण उपचारात बरे झालेले ७५ टक्क्यांहून जास्त आणि मधेच सुटलेले १५ टक्क्यांहून कमी असावेत, असं ती सांगतात, आणि सुटलेली मुलं भागाकारात धरलेली असतात. आपल्या उदाहरणात स्थलांतरित आणि थांबलेली मिळून २२ मुलं सुटली, म्हणजे २७ टक्के. पोषणातलं कळणारा देणगीदार हा आकडा स्वतःच काढेल. त्याच्या आधी आपणच सांगितलेला बरा.

१२.५ ची गर्दी

आता त्या ३७ मुलांकडे जरा संशयाने पाहू. जानेवारीची सगळी मोजमापं चढत्या क्रमाने लावली तर १२.१, १२.२ वर एक-दोन मुलं, १२.३ आणि १२.४ वर जवळजवळ कुणी नाही आणि अगदी १२.५ वर १४ मुलं! तक्त्यात हे शोधायला एवढं पुरतं (फक्त जानेवारीची मोजमापं E रकान्यात आहेत असं धरलंय):

```
=COUNTIF(E:E,12.5)
=COUNTIF(E:E,12.4)
```

दोन शेजारच्या आकड्यांत एवढी तफावत असेल तर मुलं तशी नाहीत, मोजणं तसं आहे. कार्यकर्ती खोटं लिहिते असा याचा अर्थ लगेच काढू नका. रडणाऱ्या पोराचा हात धरून पट्टी वाचताना हिरवा रंग सुरू झालेला दिसला की डोळा तिथेच थांबतो. पट्टी जरा सैल धरली तरी दोन-तीन मिलिमीटरचा फरक सहज पडतो. त्यात “किती मुलं हिरव्यात आली?” असं दर महिन्याच्या बैठकीत विचारलं जात असेल, तर हात आपोआप सैल होतो. दोष बैठकीतल्या त्या प्रश्नाचा असतो.

यावर उपाय वह्यांमध्येच असतो. मूल उपचारातून मोकळं करताना एका मोजणीवर भरवसा ठेवत नाहीत. दंडघेर निदान दोन आठवडे १२.५ किंवा वर टिकला पाहिजे आणि पायावर सूज नको, असा नियम असतो. आपल्या कार्यकर्तीने दर पंधरवड्याला मोजलंय, म्हणजे दोन सलग मोजण्या आपल्याकडे आहेतच. त्या लावल्यावर ३७ पैकी ३१ मुलं टिकली. सहा मुलं एकदाच रेषेला शिवून गेली होती.

आता चित्र असं आहे: ३१ मुलं बाहेर पडली, ६ रेषेवर, २१ अजून खाली, १८ स्थलांतरित, ४ थांबली, १ दगावलं. ६४ टक्क्यांऐवजी ८१ पैकी ३१, म्हणजे ३८ टक्के. संचालकांचा चेहरा उतरतो हे मला ठाऊक आहे. पण ६४ चा आकडा एका जाणकार प्रश्नात कोसळला असता. ३८ च्या मागे वही घेऊन उभं राहता येतं.

आणि यापुढे शक्य असेल तर दहातल्या एका मुलाचं मोजमाप दुसऱ्या व्यक्तीने, आधीचा आकडा न पाहता, त्याच दिवशी घ्यावं. अहवालात तसं एक वाक्य आलं की पोषणातला माणूस खुर्चीत जरा सरसावून बसतो.

भात घरात आला म्हणून?

पुढचा प्रश्न जास्त नाजूक आहे. ही ३१ मुलं आपल्यामुळे सुधारली का?

ऑगस्ट हा या भागातला सगळ्यात वाईट महिना. जुनं धान्य संपलेलं, नवं आलेलं नाही, आई दिवसभर आवणीला, मुलांना जुलाब आणि ताप. जानेवारीत भात आणि नागली घरात आलेली असते. आपण काही केलं नसतं तरी काही मुलं सुधारलीच असती. शिवाय आपण ऑगस्टमध्ये सगळ्यात कमी मोजमापाची मुलंच निवडली. त्या दिवशी आजारामुळे किंवा पट्टी घट्ट ओढल्यामुळे ज्याचं माप खाली आलं, त्याचं पुढचं माप वर जाणारच. कुठल्याही ‘सर्वांत कमी’ गटाचं दुसऱ्या वेळी असंच होतं.

तिसरी गोष्ट देणगीदाराला बहुधा आपल्याआधी माहीत असते. राज्य शासनाच्या अमृत आहार योजनेतून आदिवासी भागातल्या अंगणवाड्यांत मुलांना अंडी किंवा केळी मिळतात. वहीत “अंडी चालू” असं लिहिलंय, ती अंडी कुणाची? कार्यकर्तीला विचारलं तर ती सहज सांगते, “अंगणवाडीचीच. आमचे लाडू.” अहवालात मात्र दोन्ही एका ओळीत ‘पूरक आहार दिला’ म्हणून येतात आणि सेविकेचं श्रेय नकळत आपल्या खिशात जातं. उद्या तोच देणगीदार पाड्यावर गेला आणि सेविकेशी बोलला, तर त्या एका ओळीपायी सगळा अहवाल संशयात येतो.

मग लिहायचं काय? तुलनेला जे काही हाताशी आहे ते, त्याच्या मर्यादेसकट. समजा याच कार्यकर्तीकडे गेल्या वर्षीची, उपक्रम सुरू होण्याआधीची वही आहे. त्या वर्षी ऑगस्टमध्ये १२.५ च्या खाली असलेली ३४ मुलं जानेवारीत पुन्हा मोजली होती आणि त्यांतली १२ वर गेली होती. त्या वर्षी सलग दोन मोजण्या नव्हत्या, म्हणून यंदाचाही एका मोजणीवरचाच आकडा शेजारी ठेवायचा: ५८ पैकी ३७. म्हणजे भात घरात आल्याने होणारी सुधारणा साधारण तिसऱ्या हिश्श्याला दिसत होती आणि यंदा त्याहून बरीच जास्त मुलं वर गेली. हा पुरावा नाही. दोन वर्षांचा पाऊस सारखा नसतो, पाडेही तंतोतंत तेच नसतात. पण “सगळं आमच्यामुळे” आणि “काहीच सांगता येत नाही” यांच्या मधली ही प्रामाणिक जागा आहे. गेल्या वर्षीची वही नसेल तर तुलना करू नका. तेव्हा “सुधारणेत सुगीचा आणि अंगणवाडीच्या आहाराचा वाटा आहे, तो आम्हाला वेगळा काढता आला नाही” एवढं पुरे.

पाहिलं, ऐकलं, वाटलं

आकड्यांचं झालं, आता शब्दांचं. वहीतल्या मजकुराला मी पेन्सिलने तीन खुणा करते: ‘पा’, ‘ऐ’ आणि ‘वा’. पाहिलेलं, ऐकलेलं आणि वाटलेलं. “घर बंद” हे पाहिलेलं. “भिवंडीकडे वीटभट्टीवर” हे शेजारणीकडून ऐकलेलं. “आई आता लक्ष देते” हे कार्यकर्तीला वाटलेलं.

अहवालात पाहिलेलं थेट लिहायचं, ऐकलेलं कुणाकडून ऐकलं ते सांगून लिहायचं. वाटलेलं तसंच उचलायचं नाही. त्याच्यामागे काय पाहिलं होतं ते कार्यकर्तीला विचारायचं. “लक्ष देते म्हणजे काय करते?” असं विचारलं की ती म्हणते, “अहो, डिसेंबरात ती आपणहून पोराला घेऊन अंगणवाडीत आली, मी बोलावलं नव्हतं.” हेच वाक्य हवं होतं! ‘मातांमध्ये जागरूकता निर्माण झाली’ हे कुठल्याही जिल्ह्यातल्या, कुठल्याही विषयावरच्या अहवालात चिकटवता येतं. न बोलावता अंगणवाडीत आलेली आई फक्त तुमच्याच अहवालात असते. अशा किती आया आल्या तेही वहीतून मोजता येतं. नऊ आल्या असतील तर नऊच लिहा, ‘अनेक’ नको.

‘ऐ’ च्या खुणांत कधी सोनं सापडतं. “भाऊ पण खातो” हे तीन शब्द किती वेळा येतात ते मोजून पाहिलं, तर समजा ८१ पैकी २६ घरांत या ना त्या रूपात तेच आहे: घरी नेलेलं अंडं, लाडू भावंडांत वाटला जातो. आईची ती चूक नाही. एका पोराला दिलं आणि दुसरं बघत बसलं, असं कुठल्या घरात चालतं? पण यातून कळतं की एका मुलासाठी मोजून दिलेला लाडू त्या मुलाला पुरेसा पोचत नव्हता, आणि पुढच्या वर्षी भावंडांचाही हिशेब धरावा लागेल. खर्च का वाढतोय ते देणगीदाराला सांगायला याहून सरळ कारण मिळणार नाही.

एका मुलाची गोष्ट

अहवालात एक तरी मूल हवंच, कारण ३१ या आकड्याला चेहरा नसतो. पण कुठलं मूल? नेहमी सगळ्यात झगझगीत निवडलं जातं, १०.९ वरून १३.२ ला गेलेलं. वाचणाऱ्याला ते अपवादात्मक असणार हे कळतं आणि मग बाकीच्या आकड्यांवरही तो तेवढीच सूट कापतो. मी निवडायचा नियम आधी ठरवते आणि तो अहवालात लिहूनही टाकते. बाहेर पडलेल्या ३१ मुलांना सुधारणेच्या क्रमाने लावून मधलं, म्हणजे सोळावं मूल घ्यायचं. शिवाय बाहेर न पडलेल्यांतलं एक. आपल्या उदाहरणात दुसरं मूल म्हणून बाळीच घेऊ, कारण तिच्या पानात उपक्रमाची खरी अडचण आहे.

लिहिताना ‘बिचारी’, ‘दुर्दैवी’, ‘अशिक्षित’ हे शब्द गाळा. ११.२ हा आकडा पुरेसा बोलतो. फोटोत उघडं पोर आणि त्याचा काडीसारखा हात नको. मोजताना पट्टी धरलेले हात दिसले तरी चालतं. आणि नाव बदललं म्हणजे ओळख लपली असं समजू नका. तीस घरांच्या पाड्याचं नाव, मुलाचं वय आणि ‘भिवंडीची वीटभट्टी’ एवढं लिहिलं की तालुक्यातला कुणीही घर दाखवेल. म्हणून पाड्याचं नाव काढा. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये १८ वर्षांखालच्या मुलाच्या माहितीसाठी पालकाची पडताळता येईल अशी संमती मागितली आहे. ती सही घेताना “हे छापून मुंबईच्या कंपनीला दाखवणार आहोत” हे आईला समजेल अशा भाषेत सांगितलं पाहिजे. पंधरा ओळींच्या छापील अर्जावर अंगठा घेऊन ते भागत नाही.

दगावलेल्या मुलाबद्दल एक वाक्य पुरे: कधी, कुठे, आणि आरोग्य केंद्राने काय कारण नोंदवलं. कारण नोंदवलेलं नसेल तर तसं लिहावं, अंदाज नको. ते मूल गाळून बेरीज ८० करायची मात्र नाही.

सगळं मिळून

अहवालातला मुख्य मजकूर आता असा होईल:

“ऑगस्टमध्ये दहा पाड्यांवर ८१ मुलांचा दंडघेर १२.५ सेंमीपेक्षा कमी होता, त्यांतली १४ तीव्र कुपोषित होती. जानेवारीअखेर ३१ मुलं दोन सलग मोजण्यांत १२.५ किंवा त्याच्या वर होती. ६ मुलं एकाच मोजणीत या रेषेला पोचली, २१ अजून खाली आहेत. १८ मुलांची कुटुंबं कामासाठी बाहेर गेली होती, ४ घरांनी भेटी थांबवल्या आणि एका मुलाचा ऑक्टोबरात मृत्यू झाला. आरोग्य केंद्राने न्यूमोनिया हे कारण नोंदवलं. याच काळात अंगणवाडीतून मुलांना अंडी मिळत होती आणि सुगीमुळे घरात धान्य आलं होतं, त्यामुळे ही सुधारणा केवळ आमच्या कामाची नाही. गेल्या वर्षी, उपक्रम नसताना, जानेवारीत पुन्हा मोजलेल्या ३४ पैकी १२ मुलं रेषेच्या वर होती. यंदा तशाच एका मोजणीत ५८ पैकी ३७. दोन्ही वर्षांचा पाऊस आणि पाडे तंतोतंत सारखे नसल्याने ही तुलना ढोबळ आहे.

बाळी (नाव बदललं आहे) ऑगस्टमध्ये ११.२ होती. तापात तिला सेविकेने आरोग्य केंद्रात पाठवलं. सप्टेंबरअखेर ती ११.६ झाली. १५ नोव्हेंबरला तिचं घर बंद आढळलं. होळीला कुटुंब परतलं तेव्हा तिचा दंडघेर ११.३ होता. स्थलांतरित १८ पैकी ११ मुलं होळीच्या आठवड्यात मोजता आली: ४ रेषेच्या वर, ७ खाली. आकडा लहान आहे, म्हणून टक्केवारी देत नाही. पण पाड्यावर मिळवलेलं भट्टीवर टिकत नसावं असं त्यावरून दिसतं. पुढच्या वर्षी कुटुंब निघण्याआधी मुलाचं कार्ड आणि दोन महिन्यांचा आहार सोबत देणं आणि भट्टीजवळच्या अंगणवाडीशी आधीच बोलून ठेवणं, असा बदल आम्ही सुचवत आहोत.”

दोन परिच्छेद झाले, फार आकर्षक नाहीत. पण यातलं प्रत्येक वाक्य वहीच्या कुठल्या ना कुठल्या पानाकडे जातं. देणगीदाराला पुढच्या वर्षी कशासाठी पैसे द्यायचे तेही त्यातूनच कळतं.

छापायला देण्याआधी हा मजकूर कार्यकर्तीला मोठ्याने वाचून दाखवा. ईमेलवर पाठवू नका, समोर बसून वाचा. माझ्या पहिल्या मसुद्यात “१५ नोव्हेंबरला कुटुंबाने स्थलांतर केलं” असं वाक्य होतं. कार्यकर्तीने तिथेच थांबवलं. “पंधराला मी गेले होते. ते कधी गेले काय माहीत? शेजारीण म्हणाली दिवाळी झाल्याझाल्या निघाले.” मग ते वाक्य “१५ नोव्हेंबरला तिचं घर बंद आढळलं” असं झालं. आणि मधल्या दिवसांत आपली एक भेट चुकली होती, हेही त्याच वेळी कळलं.